‘माझी काही एक तक्रार नाही’

पोलीस ठाण्याच्या किंवा तहसील कचेरीच्या बाहेर टंकलेखकाकडे गेले आणि ‘तक्रार मागे घ्यायची आहे, अर्ज करून द्या’ असे सांगितले, तर पाच मिनिटांत कागद हातात पडतो. त्यावरचा मजकूर साधारण असा असतो : ‘मी दिलेली तक्रार गैरसमजातून दिली होती. आता आमच्यात आपसात समझोता झाला आहे. तरी माझी अमुक यांच्याविरुद्ध काही एक तक्रार नाही. सदर तक्रार निकाली काढावी ही विनंती.’ खाली सही. तारीख कधी असते, कधी नसते.

या चार वाक्यांत दोन मोठ्या उणिवा आहेत आणि एक खरा धोका आहे. उणीव अशी की कोणती तक्रार, हे कागदावरून कळत नाही. तक्रारीचा क्रमांक नाही, दिनांक नाही, घटना नाही. त्याच दोघांत आधी आणखी एक तक्रार झालेली असेल, तर हा अर्ज नेमका कोणत्या कागदाला जोडायचा, हे ठाण्यातल्या कारकुनालाही सांगता येणार नाही. दुसरी उणीव म्हणजे समझोता कशावर झाला आणि तो पाळला गेला का, याचा एक शब्दही नाही. धोका आहे तो ‘गैरसमजातून’ या शब्दात. समोरच्याला बरे वाटावे म्हणून तो शब्द घातला जातो. त्याचा अर्थ मात्र कायद्याच्या भाषेत फार वेगळा निघू शकतो, आणि तो निघतो अर्ज देणाऱ्याच्या विरोधात.

हे नीट कळण्यासाठी एक प्रकरण शेवटपर्यंत बघू. पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांत असे प्रकरण दर पावसाळ्यात कुठे ना कुठे उभे राहते, म्हणून नमुन्यादाखल तेच घेतले आहे. दुसऱ्या मजल्यावर, सदनिका 203 मध्ये, एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी ठिबकते. पाणी येते ते वरच्या 303 मधून. संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे शौचालय, सिंक वगैरेंतून होणाऱ्या आतल्या गळतीची दुरुस्ती त्या सदस्याने स्वखर्चाने करायची असते. पण वरचे गृहस्थ म्हणतात, पाणी बाहेरच्या नळातून मुरते, तो संस्थेचा प्रश्न आहे. जूनपासून ऑगस्टपर्यंत बोलाचाली चालते. 14 ऑगस्टच्या रात्री जिन्यात भांडण होते, शिवीगाळ होते, ‘बघून घेईन’ म्हटले जाते. बाई तशाच उठून पोलीस ठाण्यात जातात.

तोवर त्यांनी तीन ठिकाणी कागद दिलेले असतात. संस्थेच्या चिटणीसांना जुलैत, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणि आता पोलिसांकडे. पोलीस ठाण्यात शिवीगाळ आणि धमकीची नोंद अदखलपात्र म्हणून होते. बोलीभाषेत तिला ‘एन.सी.’ म्हणतात. त्या नोंदीला क्रमांक पडतो आणि त्याची प्रत बाईंना मिळते.

नोव्हेंबरमध्ये संस्थेचे अध्यक्ष मध्ये पडतात. वरच्या न्हाणीघराची फरशी काढली जाते, जुना कोबा फोडला की खाली ओल दिसते, आणि वाद तिथेच मिटतो. नवीन जलरोधक थर दिला जातो. मग न्हाणीचे तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी 48 तास साठवून ठेवतात. खाली एक थेंब येत नाही. बाईंच्या छताचा गिलावा आणि रंग यांचे 18,000 रुपये द्यायचे वरचे गृहस्थ मान्य करतात. 20 डिसेंबरला दोघे लेखी समझोता करतात.

आता तक्रारी मागे घ्यायच्या. तक्रारी तीन दिल्या होत्या, म्हणून अर्जही तीन लागतात. ही साधी गोष्ट फार जण विसरतात. पोलीस ठाण्यात दिलेला अर्ज महापालिकेत जात नाही आणि महापालिकेतला संस्थेच्या दप्तरात जात नाही. पोलिसांकडचा कागद मिटला म्हणून घरी निश्चिंत बसावे, आणि फेब्रुवारीत क्षेत्रीय कार्यालयाची नोटीस वरच्या शेजाऱ्याच्या दारावर चिकटावी, म्हणजे मिटलेले भांडण पुन्हा पेटायला तेवढे पुरते.

पोलिसांना द्यायचा अर्ज असा असावा :

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
(पोलीस ठाण्याचे नाव)
दिनांक : 29 डिसेंबर 2025

विषय : अदखलपात्र नोंद क्र. 412/2025, दि. 14 ऑगस्ट 2025, मधील तक्रार समझोता झाल्याने मागे घेत असल्याबाबत.

महोदय,

मी (पूर्ण नाव), वय 64, राहणार सदनिका 203 (संपूर्ण पत्ता). वरील क्रमांकाने नोंदवलेली तक्रार मी सदनिका 303 मध्ये राहणारे (पूर्ण नाव) यांच्याविरुद्ध दिली होती. दि. 14 ऑगस्ट 2025 रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास, छताच्या गळतीवरून आमच्या इमारतीच्या जिन्यात झालेल्या प्रकाराबाबत ती तक्रार होती.

त्यानंतर दि. 20 डिसेंबर 2025 रोजी आम्हा दोघांत लेखी समझोता झाला. त्यात ठरल्याप्रमाणे गळतीची दुरुस्ती पूर्ण झाली आहे आणि नुकसानभरपाईचे रु. 18,000 (अक्षरी अठरा हजार) दि. 26 डिसेंबर 2025 रोजी माझ्या बँक खात्यात जमा झाले आहेत. समझोत्याची प्रत सोबत जोडली आहे.

म्हणून वरील तक्रार मी या अर्जाने मागे घेत आहे. त्या तक्रारीतील घटनेबाबत पुढील कारवाई व्हावी अशी माझी मागणी राहिलेली नाही. हा अर्ज मी कोणाच्याही दबावाखाली न येता, मजकूर वाचून व समजून घेऊन, राजीखुशीने देत आहे.

हा अर्ज मूळ नोंदीसोबत दप्तरी ठेवावा आणि मला त्याची पोच मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, भ्रमणध्वनी क्रमांक)

सोबत : 1. मूळ नोंदीची प्रत. 2. समझोत्याची प्रत.

या अर्जात ‘गैरसमज’ हा शब्द कुठेही नाही, हे मुद्दाम बघावे. बाई म्हणत नाहीत की शिवीगाळ झालीच नव्हती. त्या म्हणतात की घटना घडली, तक्रार दिली, आता वाद मिटला, म्हणून मागे घेते. तक्रार खरी असू शकते आणि तरीही मागे घेता येते. ‘तक्रार चुकीची होती’ आणि ‘तक्रार मिटली’ ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत, आणि बहुतेक तयार नमुन्यांत त्यांची सरमिसळ झालेली असते.

लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 217 खाली गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गैरसमज झाला म्हणणे आणि जाणूनबुजून खोटे सांगितले म्हणणे यांत अंतर आहे, हे खरे. पण टंकलेखक कधी ‘रागाच्या भरात खोटी तक्रार दिली’ असेही लिहून मोकळा होतो आणि बाई न वाचता सही करतात. पुढे शेजारी पुन्हा बिनसला, तर स्वतःच्या सहीची ही कबुली त्याच्या हातात असते. बदनामीचा दावा लावायला त्याला दुसरा पुरावा शोधावा लागत नाही.

महाराष्ट्रात दखलपात्र गुन्ह्यांच्या बाबतीत या शब्दांचे वजन आणखी वाढते. तपास संपला आणि आरोपपत्र द्यायचे नसले की आपल्याकडे पोलीस न्यायालयात ‘समरी’ पाठवतात. गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळत नाही, ती ‘अ’ समरी. तक्रार द्वेषाने केलेली आणि खोटी, ती ‘ब’. खरीही नाही, खोटीही नाही, वस्तुस्थितीच्या चुकीतून आलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची, ती ‘क’. ‘ब’ समरी गेली की फिर्यादीवरच कारवाई करण्याची मागणी तिच्यासोबत जाऊ शकते. म्हणजे फिर्यादीने स्वतःच्या हाताने ‘खोटी’ हा शब्द लिहून देणे म्हणजे आपले प्रकरण ‘क’च्या कप्प्यातून काढून ‘ब’च्या कप्प्याकडे ढकलणे होय.

खरोखरच चूक झाली असेल तर? मग चूक नेमकी काय होती, ते लिहावे. चोरीला गेली म्हणून कळवलेली सोनसाखळी जुन्या शालीच्या घडीत सापडली, तर ‘साखळी दि. अमुक रोजी माझ्याच कपाटात मिळाली, तक्रार देताना ती चोरीस गेली असे मला प्रामाणिकपणे वाटले होते’ असे लिहिले की पुरे. त्यात मोघम काही उरत नाही.

आता पैशांचा क्रम. अर्जात ‘पैसे मिळाल्यावर तक्रार मागे घेईन’ किंवा ‘ठरलेली रक्कम न दिल्यास ही तक्रार पुन्हा चालू समजावी’ अशी वाक्ये घालायचा मोह होतो. ती घालू नयेत. अट घातलेला अर्ज हातात आला की ठाणे अंमलदाराने त्याचे काय करायचे? पैसे आले की नाही हे तपासणे त्याचे काम नाही. तक्रार अर्धी मागे घेतलेली आणि अर्धी उभी अशी लटकत राहते. म्हणून कागद दोन हवेत. अटी, हप्ते, तारखा, दुरुस्तीचा तपशील, पुन्हा गळती झाली तर कोणी काय करायचे, हे सगळे समझोत्याच्या करारात. आणि मागे घेण्याचा अर्ज सरळ, विनाअट, अटी पूर्ण झाल्यानंतरच्या तारखेचा.

वरच्या नमुन्यात समझोता 20 तारखेचा, पैसे 26 तारखेला आणि अर्ज 29 तारखेला आहे, तो याच कारणाने. रक्कम खात्यात जमा झालेली स्वतः बघावी आणि मगच सही करावी. धनादेश हातात पडला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. तो वटायचा असतो. समझोत्याचा करार मुद्रांकावर करायचा असेल, तर महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून पूर्वीचा 100 रुपयांचा कागद चालत नाही, 500 चा लागतो. मागे घेण्याच्या अर्जाला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो.

समोरचा पक्ष कधी उलटी अट घालतो : आधी तक्रार मागे घ्या, मग पैसे देतो. अशा वेळी दोघांनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी बसावे. समोरच्याने तिथेच बँकेतून रक्कम पाठवावी, जमा झाल्याचा संदेश आला की बाईंनी सही करावी, आणि दोघांनी मिळून ठाण्यात जावे. दोघे एकत्र गेले की पोलिसांच्या मनातली ‘दबाव आहे का’ ही शंकाही बरीच कमी होते.

अर्जातले आणखी तीन शब्द जपून निवडलेले आहेत : ‘त्या तक्रारीतील घटनेबाबत’. ‘यापुढे माझी त्यांच्याविरुद्ध कधीही कोणतीही तक्रार राहणार नाही’ असे वाक्य अनेक अर्जांत सापडते. ते लिहून देण्याची काही गरज नसते. 14 ऑगस्टचा प्रकार मिटला, एवढेच खरे आहे. पुढच्या वर्षी जिन्यात पुन्हा धमकी मिळाली, तर ती नवी घटना असेल आणि तिची नवी तक्रार देण्याचा हक्क बाईंनी आधीच सोडून देता कामा नये.

अर्ज दिल्यावर काय होते? मूळ नोंद पुसली जात नाही. पुष्कळांना वाटते की तक्रार मागे घेतली की ती ठाण्याच्या वहीतून नाहीशी होते. तसे नसते. नोंद राहते आणि तिच्या सोबत मागे घेतल्याचा अर्ज राहतो. अदखलपात्र प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, त्यामुळे बहुतेक प्रकरणे तिथेच थांबतात. मात्र एक गोष्ट जरूर विचारावी : या नोंदीवरून कोणावर प्रतिबंधक कारवाई, म्हणजे बोलीभाषेतली ‘चॅप्टर केस’, सुरू झाली आहे का? ती झाली असेल तर प्रकरण कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे गेलेले असते. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हे अधिकार सहायक पोलीस आयुक्तांकडे असतात. ठाण्यात दिलेला अर्ज तिथे आपोआप पोहोचेल असे धरून चालू नये. त्याची एक प्रत त्या प्रकरणाचा क्रमांक घालून तिथेही द्यावी.

इथपर्यंतचे सगळे अदखलपात्र नोंदीचे झाले. प्रथम खबर, म्हणजे ‘एफआयआर’ दाखल झालेली असेल, तर चित्र बदलते. तिथे फिर्यादी हा खटल्याचा मालक नसतो, खटला राज्य चालवते. म्हणून ‘एफआयआर मागे घेतो’ या वाक्याला स्वतःहून काही परिणाम नाही, मग अर्ज कितीही नीट लिहिलेला असो. मार्ग गुन्ह्याच्या प्रकारावर ठरतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये दोन तक्ते आहेत. पहिल्यातले गुन्हे पीडित व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय मिटवू शकते, दुसऱ्यातले मिटवायला परवानगी लागते. असा गुन्हा कायदेशीर रीतीने मिटवला की आरोपी निर्दोष सुटल्यासारखा परिणाम होतो. दोन्ही तक्त्यांत नसलेला गुन्हा या कलमाने मिटत नाही.

अशा गुन्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे दार उरते. 2012 साली ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की तक्त्यात नसलेला गुन्हा असला, तरी वाद मुळात खासगी किंवा दिवाणी स्वरूपाचा असेल आणि दोन्ही बाजूंनी तो पूर्ण मिटवला असेल, तर उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात गुन्हा रद्द करू शकते. पैशाचे, व्यवसायाचे, वैवाहिक कुटुंबातले वाद यात येऊ शकतात. खून, बलात्कार, दरोडा असे गंभीर गुन्हे येत नाहीत. तिथे समझोत्याने काही होत नाही, कारण तो अपराध केवळ एका माणसाविरुद्ध नसतो.

ही सीमा आपल्या कायद्यात फार जुनी आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्यात कलम 23 खाली एक छोटे उदाहरण दिले आहे. ‘अ’ने ‘ब’विरुद्ध जबरी चोरीचा खटला लावला आहे. ‘अ’ खटला सोडून देण्याचे वचन देतो, बदल्यात ‘ब’ लुटलेल्या मालाची किंमत परत करण्याचे वचन देतो. कायदा म्हणतो, हा करार रद्दबातल, कारण त्याचा उद्देशच बेकायदा आहे. त्यामुळे समझोत्याच्या कागदावर ‘इतकी रक्कम घेऊन गुन्हा मागे घेण्याचे ठरले’ असे लिहिणे अशा गुन्ह्यांत निरुपयोगी तर आहेच, उलट अडचणीत आणणारेही आहे. म्हणून प्रथम खबर झाली असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय कागदावर सही करू नये.

दिवाणी न्यायालयात किंवा याचिकेत एका अर्ध्या वाक्याने किती फरक पडतो, हेही बघण्यासारखे आहे. सरगुजा ट्रान्सपोर्ट सर्व्हिस या वाहतूक कंपनीने उच्च न्यायालयातली आपली याचिका मागे घेतली, पण ‘नव्याने दाखल करण्याची मुभा ठेवून’ असे मागितले नाही. पुढे त्याच विषयावर दुसरी याचिका केली. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मुभा न घेता याचिका मागे घेतली की त्याच कारणावर पुन्हा तशीच याचिका करता येत नाही. हा निकाल 1987 च्या निकालसंग्रहातला आहे आणि आजही वकील तो पुढे करतात. मागे घेण्याच्या अर्जात काय लिहिले याइतकेच काय लिहायचे राहिले याला महत्त्व असते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

गावाकडे तंटे मिटवण्याचे काम वेगळ्या वाटेने होत आले आहे. 15 ऑगस्ट 2007 पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बांध, पाणी, भाऊबंदकी यांचे अनेक तंटे गावसमितीपुढे मिटले. तिथेही गाव बसून समझोता करते, हात जोडले जातात, चहा होतो, आणि पोलीस ठाण्यातला किंवा तहसीलमधला मूळ अर्ज मात्र तसाच पडून राहतो, असे घडू शकते. समिती तंटा मिटवते. दुसऱ्या कचेरीतला कागद मागे घ्यायला अर्जदारालाच जावे लागते.

203 मधल्या बाईंचा शेवटचा टप्पा ठाण्याच्या टेबलाशी आहे. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक तिथे द्यायची. दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ असे उत्तर मिळाले तर थांबावे, किंवा तोच अर्ज पोचपावतीसह टपालाने पाठवावा. शिक्क्याच्या प्रतीची छायाप्रत वरच्या शेजाऱ्यालाही द्यावी. उद्या नोकरीसाठी किंवा पासपोर्टसाठी चौकशी आली आणि 412 क्रमांकाची नोंद निघाली, तर ती प्रत लागणार आहे ती त्यालाच.